लॅपटॉप द्यायचा, आतली माहिती नाही

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये संशोधन करणारे सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत या दोघांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून हार्ड डिस्क विकत घेतल्या. एकूण १५८. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या, आणि मालकाने विकण्याआधी खरोखर नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. उरलेल्यांमधून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे नंबर, आजारपणाची पत्रं, खासगी पत्रव्यवहार असं सगळं बाहेर आलं. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली असावी असं दिसत होतं, खातेदारांच्या व्यवहारांसकट. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी की यातल्या बऱ्याच डिस्क मालकांनी तशाच विकलेल्या नव्हत्या. त्यांनी फाइली डिलीट केल्या होत्या, डिस्क फॉरमॅटही केली होती. आपण सगळं पुसलं आहे, अशीच त्यांची समजूत होती.

तीच समजूत गेल्या दिवाळीनंतर मला माझ्या मावशीच्या घरी भेटली. विंडोज १० चं नियमित सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. तिच्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ साठी अधिकृतपणे न चालणारा. म्हणून तिने नवा घेतला आणि जुना घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला अकरावीच्या अभ्यासासाठी द्यायचं ठरवलं. ‘‘अरे, मी सगळं डिलीट केलंय. रीसायकल बिनसुद्धा रिकामा केलाय,’’ ती म्हणाली. मी तिच्यासमोरच रेकुवा नावाचं फाइली परत मिळवून देणारं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. काही वेळात यादी भरायला लागली. तिच्या पासबुकाचे स्कॅन, घरच्या लग्नाचे फोटो, आधार कार्डाची पीडीएफ. मावशी बरीच वर्षं तिच्या सोसायटीची सचिव होती, त्यामुळे सभासदांच्या पॅन कार्डांच्या प्रती आणि भाडेकरारही त्यात आले. स्वतःचे कागद पाहून ती जरा अस्वस्थ झाली होती, पण दुसऱ्यांचे कागद दिसल्यावर ती एकदम म्हणाली, ‘‘हे माझं नाहीच मुळी. हे कसं देऊन टाकू?’’

डिलीट केल्यावर आत काय होतं ते आधी पाहू. विंडोज डिस्कवर एक सूची ठेवते. कुठली फाइल डिस्कच्या कोणत्या जागेवर आहे, तिचं नाव काय, आकार किती, हे त्या सूचीत असतं. आपण डिलीट म्हटलं की सूचीतल्या नोंदीवर ‘ही जागा आता मोकळी’ एवढी खूण होते. तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं उभं पीक नाहीसं होत नाही, तसंच हे. त्या जागेवर दुसरी फाइल येऊन बसेपर्यंत जुनी माहिती तिथेच असते. क्विक फॉरमॅटमध्ये नवी कोरी सूची तयार होते, बाकी डिस्कला हातही लागत नाही. रेकुवा किंवा फोटोरेकसारखी सॉफ्टवेअरं फक्त सूचीवर विसंबून राहत नाहीत. ती डिस्क सरळ वाचत जातात आणि फोटोची किंवा पीडीएफची सुरुवात ओळखून फाइल उचलून आणतात.

‘पण माझ्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे’ असं अनेक जण म्हणतात. त्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल, असा ठरलेला असतो. हे दोन्ही त्याच लॅपटॉपमधल्या बायोडेटात लिहिलेलं असतं. प्राप्तिकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकाचा पासवर्ड म्हणजे पॅन क्रमांक आणि जन्मतारीख. पॅनची प्रत शेजारच्याच फोल्डरमध्ये. म्हणजे कुलूप आणि किल्ली आपण एकत्रच देतो.

आता मुख्य मुद्दा. लॅपटॉपच्या पोटात दोन वेगळ्या जातींच्या डिस्क असू शकतात, आणि दोघी वेगवेगळ्या रीतीने विसरतात. जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरणाऱ्या चकत्या. तिथे एखाद्या जागेवर नवं काही लिहिलं की जुनं गेलं. यावर एक समज अजून पसरलेला आहे की माहिती कायमची घालवायला तीच जागा ३५ वेळा लिहावी लागते. त्याचं मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या एका लेखात आहे. तो लेख त्या काळातल्या आणि त्याहून जुन्या अनेक प्रकारच्या डिस्क डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता. ३५ च्या ३५ फेऱ्या कुठल्याही एका डिस्कला लागत नाहीत, हे पुढे गुटमन यांनी स्वतःच स्पष्ट केलं. आजच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की घरगुती वापरासाठी काम झालं. ३५ फेऱ्या मारणारं सॉफ्टवेअर कित्येक दिवस डिस्क झिजवत राहतं, मिळत काही नाही.

एसएसडीचं तसं नाही. तिच्यात फिरणारं काही नसतं, असतात त्या चिप्स. चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. म्हणून एसएसडीमधला नियंत्रक लिखाण सगळ्या कप्प्यांवर सारखं पसरवतो. आपण एखादी फाइल ‘त्याच जागी’ पुन्हा लिहिली, तरी प्रत्यक्षात ती दुसऱ्याच कप्प्यात जाते आणि जुनी प्रत काही काळ जिथल्या तिथे पडून राहते. शिवाय थोडे कप्पे राखीव असतात, ते विंडोजला दिसतही नाहीत. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी एसएसडी उघडून चिप्स थेट वाचल्या. एकेक फाइल पुसण्याच्या, हार्ड डिस्कसाठी बनलेल्या पद्धती तिथे भरवशाच्या ठरल्या नाहीत. एका एसएसडीने तर ‘पुसलं’ असा निरोप दिला आणि माहिती जशीच्या तशी आत होती.

यावरून एसएसडी धोकादायक असं कुणी समजू नये. तिची एक बाजू आपल्या फायद्याची आहे. विंडोज फाइल डिलीट करते तेव्हा एसएसडीला ‘ट्रिम’ नावाचा निरोप जातो, की हे कप्पे आता नको आहेत. त्यानंतर त्या जागा वाचायला गेलं तर सहसा शून्यंच मिळतात. मावशीच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही डिस्क होत्या. विंडोज १२८ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे C: वर, आणि बाकी पसारा १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे D: वर. रेकुवाने C: वरच्या डिलीट केलेल्या फाइलींची नावं दाखवली, पण परत मिळवलेल्या फाइली उघडल्या तर आत काही नाही. D: वरची मात्र लग्नाचे फोटो लख्ख. एकाच लॅपटॉपमध्ये हा फरक दिसला, आणि एकच उपाय दोन्हीकडे का पुरत नाही हेही.

अशा दोन डिस्कांचे लॅपटॉप आपल्याकडे भरपूर विकले गेले आहेत, आणि चूक नेमकी इथे होते. माणूस विंडोज रीसेट करतो, C: कोरी होते, नवा लॅपटॉप वाटावा असा पडदा समोर येतो आणि D: जशीच्या तशी राहते. म्हणून सगळ्यात आधी आत किती डिस्क आहेत ते बघायचं. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि Performance वर जावं. डाव्या बाजूला Disk 0, Disk 1 अशी नावं आणि त्यांच्याखाली HDD किंवा SSD असं दिसतं. आकार थोडा कमी दिसला तर घाबरू नये. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, १२८ ची ११९. मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे.

पुसण्याआधी मावशीला हवं ते सगळं आम्ही बाहेरच्या डिस्कवर घेतलं आणि ती डिस्क तिच्या नव्या लॅपटॉपला लावून फोटो, पत्रं, हिशेबाच्या फाइली खरंच उघडतात का ते पाहिलं. ही पायरी घाईत सुटते, आणि इथली चूक दुरुस्त करता येत नाही. कारण पुढे आपण जे करणार आहोत ते परत न येण्यासाठीच करतो. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर पडलेले कागद आणि Downloads फोल्डर या तीन जागा हमखास विसरल्या जातात. मग वनड्राइव्ह, गुगल आणि ब्राउझर यांतून साइन आउट केलं, विंडोजचे राहिलेले अपडेट घेतले. अपडेटला कारण आहे. २०२२ च्या सुरुवातीला असं लक्षात आलं होतं की विंडोज १० आणि ११ च्या काही आवृत्त्यांमध्ये सगळं काढून टाकणारं रीसेट करूनही वनड्राइव्हच्या काही फाइली Windows.old या फोल्डरमध्ये शिल्लक राहत. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये तो दोष दुरुस्त केला. वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या लॅपटॉपमध्ये तो अजूनही असू शकतो.

सुरुवात D: पासून केली, कारण C: वर विंडोज आहे, ती आधी पुसली तर कामाला हत्यारच उरत नाही. This PC मध्ये D: वर उजवं क्लिक, Format, आणि Quick Format समोरची खूण काढून टाकायची. सगळा जीव या एका खुणेत आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये, ही खूण नसेल तर फॉरमॅट करताना त्या भागावर खरोखर शून्यं लिहिली जातात. अशी डिस्क सेकंदाला सरासरी शंभर एमबी लिहिते असं धरलं तर १ टीबीला पावणेतीन तास होतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच. म्हणून ओळखायची खूणही सोपी आहे: १ टीबीची हार्ड डिस्क अर्ध्या मिनिटात फॉरमॅट झाली, तर ती पुसलेली नाही. मावशीची डिस्क चार तासांच्या आसपास चालली. चार्जर लावून ठेवला आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सोय केली. त्यानंतर रेकुवाचा खोल शोध पुन्हा चालवला. या वेळी यादी रिकामी होती.

मग C:. विंडोज १० मध्ये Settings, Update & Security, Recovery आणि तिथे Reset this PC. विंडोज ११ मध्ये हेच Settings, System, Recovery इथे सापडतं. पहिल्या प्रश्नाला Remove everything. पुढच्या पडद्यावर लोक सरळ Next दाबतात, तिथे थांबायचं आणि Change settings वर क्लिक करायचं. तिथे Clean data? असा एक पर्याय आहे, तो आपोआप चालू नसतो. चालू केला नाही तर विंडोज फाइली फक्त काढून टाकते. चालू केला तर जागा पुसतेही. तिथेच सगळ्या डिस्कवरच्या फाइली काढायच्या का, असाही प्रश्न असतो. त्यालाही होकार दिला तर D: चं काम याच फेरीत होऊ शकतं. पण १ टीबीची हार्ड डिस्क असेल तर रीसेट कित्येक तास चालतं, आणि मधेच वीज गेली किंवा चार्जर निघाला तर विंडोज अर्धवट राहते. म्हणून D: आधी वेगळी पुसणं मला पसंत आहे.

‘रीसेट केलं तर विंडोज जाईल, ती पुन्हा विकत घ्यावी लागेल’ ही भीती बऱ्याच जणांना असते, आणि त्यापायी लोक लॅपटॉप तसाच देतात. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. पुसल्यावर विंडोज तीच पुन्हा बसते आणि इंटरनेट मिळालं की परवाना ओळखते.

रीसेट संपलं की देश आणि भाषा विचारणारा पडदा येतो. तिथेच लॅपटॉप बंद करायचा. ‘चालतो का ते पाहू’ म्हणून आपल्या खात्याने आत शिरलं तर पुन्हा आपला ई-मेल, आपला वायफायचा पासवर्ड आणि आपली वनड्राइव्ह त्यात उतरते. मी त्या पडद्यापाशी थांबून पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने लॅपटॉप सुरू केला आणि फोटोरेकने एसएसडी तपासली. फाइली शेकड्यांनी सापडल्या. मावशी दचकली, पण त्या सगळ्या विंडोजच्याच होत्या: पडद्यामागची चित्रं, छोटी चिन्हं, मदतीची पानं. तपासताना ‘किती सापडलं’ याला अर्थ नाही. आपलं काही सापडलं का, ते बघायचं.

घरगुती लॅपटॉपला एवढं पुरतं, असं मी ठामपणे म्हणेन. एसएसडीच्या राखीव कप्प्यांत काही उरलं असेल तर ते वाचायला चिप्स काढून प्रयोगशाळेत न्याव्या लागतात, आणि कुणाच्या लग्नाच्या फोटोंसाठी एवढा खर्च कुणी करत नाही. डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट यांचं तसं नाही. त्यांच्याकडे शेकडो लोकांची माहिती असते. त्यांनी एसएसडीच्या स्वतःच्या नियंत्रकालाच आतून सगळं पुसण्याचा हुकूम द्यावा. कंपन्यांनी कार्यालयांसाठी बनवलेल्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ही सोय असते. डेलमध्ये तिचं नाव Data Wipe, एचपीमध्ये Secure Erase. यात विंडोजही जाते, त्यामुळे ती पुन्हा बसवायला पेन ड्राइव्ह आधीच तयार ठेवावा लागतो.

सगळ्यात चांगली वाट मात्र लॅपटॉप घेतल्याच्या दिवसापासून सुरू होते. डिस्कवर लिहिलं जाणारं सगळं सांकेतिक रूपातच लिहायचं, मग विकताना फक्त किल्ली नष्ट केली की उरलेली माहिती निरर्थक खिचडी होते. नवे मॅक असंच करतात. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारे किंवा टी२ चिप असलेले मॅक सगळं सांकेतिक रूपातच ठेवतात. त्यांत मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर Erase All Content and Settings दाबताच किल्ल्या नष्ट होतात. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्येही मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं तर हे बहुधा आपोआप सुरू झालेलं असतं. आपल्याकडे आहे का ते बघायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एवढं लिहावं:

```
manage-bde -status
```

Protection On आणि Fully Encrypted दिसलं तर उत्तम. Used Space Only Encrypted दिसलं तर जरा सावध. त्याचा अर्थ सांकेतिक रूप देण्याचं काम सुरू झालं तेव्हा भरलेल्या जागेलाच ते मिळालं. त्याआधी डिलीट केलेल्या फाइली मोकळ्या जागेत उघड्याच राहिलेल्या असू शकतात. याच कारणाने पाच वर्षं वापरून झाल्यावर विकायच्या आदल्या दिवशी कुलूप लावणं अर्धवट ठरतं. आणि बायॉसमध्ये हात घालण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्यावी, नाहीतर लॅपटॉप आपल्यालाच आत घेणार नाही.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर तो तसाच भंगारात देऊ नये. बिघाड बहुतेक वेळा पडद्याचा, बॅटरीचा किंवा मदरबोर्डचा असतो, डिस्क ठणठणीत असते. मागचं झाकण उघडून डिस्क काढून घ्यावी. चारचौघांत काम करणारा ओळखीचा दुरुस्तीवाला हे आपल्यासमोर करून देतो. ती दुसऱ्या संगणकाला लावून पुसता येते. तीही मेलेली असेल तर हार्ड डिस्कच्या चकत्यांना ड्रिलने भोकं पाडावीत, डोळ्यांवर चष्मा घालून, कारण काही चकत्या काचेच्या असतात आणि त्यांच्या ठिकऱ्या उडतात. एसएसडीच्या बाबतीत पाटीला एक भोक पाडून भागत नाही, प्रत्येक काळी चिप फुटायला हवी. चुंबकाचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. ड्रिल करण्याआधी लॅपटॉपची बॅटरी लांब ठेवावी, तिला भोक पडलं तर आग लागते. उरलेले तुकडे ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावेत.

हातातून जाण्याआधी लॅपटॉपच्या कडाही तपासाव्यात. मेमरी कार्डाच्या खाचेत कार्ड, डीव्हीडीच्या खणात तबकडी, यूएसबीला लावलेली डिजिटल सहीची छोटी कांडी. मावशीच्या लॅपटॉपमधून जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड निघालं.

आणि ज्यांनी लॅपटॉप आधीच देऊन टाकला आहे, त्यांना फोटो परत मागवता येणार नाहीत, पण दारं बंद करता येतात. ब्राउझरमध्ये आपण साइन इन असल्याची खूण साठलेली असते, तिच्या जोरावर पासवर्डशिवायही आत जाता येतं. म्हणून फोनवरून myaccount.google.com/device-activity उघडून त्या लॅपटॉपसमोर साइन आउट करावं. account.microsoft.com/devices वरून तो काढून टाकावा. व्हॉट्सॲपच्या Linked devices मध्ये त्याचं नाव दिसत असेल तर तेही काढावं. त्यानंतर पासवर्ड बदलावेत, आणि सुरुवात ई-मेलच्या पासवर्डपासून करावी, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथेच येतात.